दारात उभा जेसीबी आणि मीटरवरचे तास

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रविक्रेत्यांच्या आवारात झेंडूच्या माळा घातलेली पिवळी यंत्रे ओळीने उभी असतात. तालुक्याच्या गावांतले ठेकेदार कुटुंबासह येतात, नारळ फुटतो, चावी हातात पडते. पावसाळा संपलेला असतो, कामे सुरू व्हायच्या बेतात असतात आणि यंत्र दारात आले म्हणजे आता कोणाच्या मागे फिरायला नको, असे घरातल्या प्रत्येकाला वाटते. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो. हा व्यवहार पेलणार की नाही हे मात्र ठरते यंत्राच्या डॅशबोर्डवरच्या एका छोट्या आकड्यावर. इंजिन एकूण किती तास चालले ते दाखवणारा तो अवर मीटर.

मोटारीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, मातीकामाच्या यंत्राचे तासांमध्ये. सर्व्हिस तासांवर, टायरची झीज तासांवर, विकतानाची किंमतही बरीचशी तासांवर. तरीही यंत्र घ्यायचे की भाड्याने आणायचे हे ठरवताना बहुतेक ठेकेदार पाहतात तो महिन्याचा हप्ता. ‘महिन्याला पाऊण लाख हप्ता, भाड्यापोटी तर लाखभर जातातच,’ असा तो हिशेब असतो. तो तोंडी करायला सोपा, पण त्यात निम्मा खर्च धरलेलाच नसतो.

हा हिशेब नीट करायचा तर एक उदाहरण शेवटपर्यंत न्यायला हवे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात गावरस्ते, गटारे, पाइपलाइनचे चर अशी कामे घेणारा ठेकेदार समजू. त्याला लागतो बॅकहो लोडर, म्हणजे पुढे मोठी बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले ते यंत्र, ज्याला सगळा महाराष्ट्र जेसीबीच म्हणतो. खालचे दर उदाहरणापुरते धरले आहेत. तालुका बदलला, खोदायची जमीन बदलली की ते बदलतील, त्यामुळे प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

सुरुवात यंत्राच्या किमतीपासून न करता तासांपासून करायची. या ठेकेदाराने गेल्या वर्षीची भाड्याची बिले आणि साइटवरच्या वह्या काढून महिनावार बेरीज केली. ऑक्टोबरात ४० तास, नोव्हेंबरात ८०. डिसेंबरपासून कामाने वेग घेतला : १७०, १९०, १८० आणि आर्थिक वर्ष संपत आल्यामुळे मार्चमध्ये २००. एप्रिलात ३०, मेमध्ये ४०, जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत १०. जुलै ते सप्टेंबर शून्य. एकूण ९४० तास. विचारले असते तर त्याने ‘वर्षाला पंधराशे तरी असतील’ असे सांगितले असते, कारण माणसाच्या लक्षात राहतो तो मार्च. वहीत मात्र जुलैही असतो.

आता नवे यंत्र. जीएसटी सोडून किंमत ३२ लाख रुपये. १८ टक्के जीएसटीचे ५ लाख ७६ हजार वेगळे. नियमित नोंदणी असलेल्या ठेकेदाराला ते आपल्या कराच्या देण्यातून पुढे वळते करून घेता येतात, पण पहिल्या दिवशी ते मोजावेच लागतात. त्याने ३० लाखांचे कर्ज घेतले, ११ टक्के व्याजाने, ४८ महिन्यांसाठी. हप्ता बसला ७७ हजार ५३७ रुपये. चार वर्षांत व्याजापोटी ७ लाख २२ हजार जातील.

इथे एका गोष्टीकडे कान टवकारून लक्ष द्यायला हवे. विक्रेत्याच्या टेबलावर अनेकदा ‘फक्त ६ टक्के’ असा दर कानावर पडतो. हा फ्लॅट दर असतो. त्यात ३० लाखांवर पूर्ण चार वर्षे व्याज लावतात, दरम्यान फेडलेली मुद्दल जमेस धरत नाहीत. ३० लाखांचे ६ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, चार वर्षांचे ७ लाख २० हजार. म्हणजे फ्लॅट ६ टक्के आणि घटत्या शिलकीवरचे ११ टक्के हे जवळजवळ एकच कर्ज आहे. दोन वित्तसंस्थांची तुलना करताना दोघांनाही घटत्या शिलकीवरचा दर विचारावा, किंवा त्याहून सोपे म्हणजे सगळ्या हप्त्यांची बेरीज मागावी. प्रोसेसिंगचे शुल्क आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा त्या बेरजेत धरलेला आहे की नाही हेही पाहावे.

यंत्राचा वर्षाचा बांधील खर्च, म्हणजे ते एक तासही न चालता होणारा खर्च, असा निघतो. चार वर्षांनी यंत्र १६ लाखांना विकले जाईल असे धरले तर वर्षाला ४ लाखांची घट. व्याज सरासरी १ लाख ८० हजार. स्वतःच्या खिशातून घातलेली रक्कम बँकेत असती तर जे व्याज मिळाले असते, ते ३० हजार. विमा, आरटीओची नोंदणी आणि कर यांचे ५० हजार. ऑपरेटर आणि हेल्पर मिळून महिना ३० हजार, वर्षाचे ३ लाख ६० हजार. चांगला ऑपरेटर पावसाळ्यात घरी पाठवला तर तो दिवाळीला दुसऱ्याच्या यंत्रावर दिसतो, म्हणून पगार बारा महिन्यांचा धरायचा. बेरीज १० लाख २० हजार.

काही घरांत भाऊ किंवा मुलगाच यंत्र चालवतो आणि मग पगाराची ओळ कागदावरून गायब होते. तसे करू नये. तोच मुलगा दुसऱ्याच्या यंत्रावर बसला तर त्याला पगार मिळालाच असता.

तासामागचा खर्च वेगळा. तासाला ५ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरून ४५० रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीस, टायर, होज पाइप, पिन-बुश, बकेटचे दात यांपोटी सरासरी १८० रुपये. दोन्ही मिळून ६३०. हे १८० रुपये रोज खिशातून जात नाहीत, त्यामुळे ते विसरायला फार सोपे. इंजिन ऑइलची सर्व्हिस साधारण ५०० तासांना येते, हायड्रॉलिक ऑइल बदलायची वेळ २,००० तासांच्या आसपास येते, मागचे टायर त्याहूनही उशिरा जातात. म्हणून पहिल्या वर्षी ‘यंत्राला काहीच खर्च नाही’ असे वाटते. खर्च असतो, फक्त तो मीटरवर साठत असतो.

या ठेकेदाराला तालुक्यात जेसीबी तासाला १,२०० रुपयांनी मिळतो, ऑपरेटर आणि डिझेल धरून. ९४० तासांचे भाडे झाले ११ लाख २८ हजार. स्वतःचे यंत्र असते तर बांधील १० लाख २० हजार आणि वापराचे ५ लाख ९२ हजार, एकूण १६ लाख १२ हजार. म्हणजे घरचा जेसीबी त्याला तासाला १,७१५ रुपयांना पडला असता आणि वर्षाला ४ लाख ८४ हजार रुपये जास्त गेले असते.

मग किती तास काम असले की स्वतःचे यंत्र परवडते? भाड्याच्या प्रत्येक तासाला १,२०० जातात, स्वतःच्या यंत्राच्या तासाला ६३० जातात, म्हणजे स्वतःचे यंत्र चालले की तासामागे ५७० रुपये वाचतात. १० लाख २० हजारांना ५७० ने भागले की येतात १,७८९ तास. सगळा हिशेब या एका भागाकारात आहे. भाड्याचा दर १,४०० असेल तर तासामागे ७७० वाचतात आणि तोच आकडा १,३२५ वर येतो. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मेहुण्याला जेसीबी परवडला, यावरून इथे तो परवडेल असे ठरत नाही.

यावर ठेकेदारांचे ठरलेले उत्तर असते की, आपले काम नसेल तेव्हा यंत्र दुसऱ्याला भाड्याने देऊ. कागदावर हे पटते. १,७८९ मधून ९४० गेले की उरतात सुमारे ८५० तास, तेवढे बाहेर चालवायचे. पण ते तास कोणत्या महिन्यांत येणार? डिसेंबर ते मार्च यंत्र त्याच्याच साइटवर हवे असते, आणि गिऱ्हाईकही तेव्हाच असते. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र रिकामे असते, तेव्हा तालुक्यातल्या सगळ्यांचीच रिकामी असतात. मार्चमध्ये बाहेरचे काम घेतले तर स्वतःच्या साइटसाठी पुन्हा भाड्याने यंत्र आणावे लागते. शिवाय भाड्याने देणे हा वेगळा धंदा आहे. त्यात उधारी वसूल करावी लागते, परक्या साइटवर ऑपरेटर काय करतो ते पाहावे लागते, रात्री डिझेल राखावे लागते. ज्याला तो धंदा करायचा आहे त्याने जरूर करावा, पण मग तो धंदा म्हणून मांडून पाहावा, जोडीला उरलेले तास म्हणून नव्हे.

दुसरी बाजूही खरी आहे. मार्चमध्ये भाड्याचे यंत्र वेळेवर येत नाही. सकाळी आठला येतो म्हणणारा अकराला येतो, किंवा जास्त दर देणाऱ्याकडे वळतो, आणि तोवर साइटवर मजूर बसून असतात. यंत्र विकत घेण्यामागे बहुतेकदा आकड्यांपेक्षा हा संताप असतो. तो खोटा नाही, पण त्याचीही किंमत काढता येते. १२ मजूर, ६०० रुपये रोज, म्हणजे पूर्ण दिवस वाया गेला तर ७,२०० रुपये. वर्षात असे दहा दिवस गेले तर ७२ हजार. ४ लाख ८४ हजारांची बरोबरी व्हायला असे सदुसष्ट दिवस पूर्ण वाया जावे लागतील.

या अडचणीवर खरेदीपेक्षा स्वस्त उपाय मासिक भाड्याचा आहे. त्यात यंत्र ऑपरेटरसह महिनाभर साइटवर राहते, डिझेल ठेकेदाराचे. महिन्याला २०० तासांपर्यंत १ लाख २० हजार असा दर धरू. डिझेल वगळले तर तासावारी भाडे ७५० रुपये पडते. १ लाख २० हजारांना ७५० ने भागले की येतात १६० तास. ज्या महिन्यात त्याहून जास्त काम आहे तो महिना मासिक भाड्याने घ्यायचा, कमी असेल तर तासावारी. या ठेकेदाराच्या वहीत डिसेंबर ते मार्च हे चारही महिने १६० च्या वर आहेत. त्या ७४० तासांचे मासिक भाडे ४ लाख ८० हजार आणि डिझेल ३ लाख ३३ हजार, उरलेल्या २०० तासांचे तासावारी २ लाख ४० हजार. एकूण १० लाख ५३ हजार. पाऊण लाख वाचले, आणि ऐन मार्चमध्ये यंत्र रात्रीही त्याच्याच साइटवर उभे राहिले.

मासिक भाड्याचा करार तोंडी करू नये. यंत्र बिघडले तर किती तासांत दुरुस्त होईल किंवा बदली यंत्र येईल, तोवरचे भाडे कापले जाईल का, २०० च्या वरच्या तासांचा दर काय, ऑपरेटरचे जेवण आणि राहणे कोणाकडे, एवढे एका कागदावर असावे. तास मोजायचे कसे हेही लिहावे, कारण इंजिन नुसते घरघरत उभे असले तरी मीटर पुढे सरकतो. टिपरची वाट पाहत जेसीबी अर्धा तास चालू राहिला तर तो अर्धा तास बिलात येतो. यंत्रावर उपग्रहाद्वारे माहिती पाठवणारी यंत्रणा बसवलेली असेल तर रिकामा चाललेला वेळ वेगळा दिसतो. नसेल तर सकाळचे रीडिंग, संध्याकाळचे रीडिंग आणि भरलेले डिझेल एवढे तीन आकडे रोज लिहिले तरी पुरते. लिटरला तासांशी ताडून पाहिले की ५ चे ७ कधी झाले ते लगेच कळते. मग कारण डिझेलचोरी असेल, खडकाळ जमीन असेल किंवा इंजिनातला बिघाड.

बहुतेकांना चक्रावणारी एक गोष्ट इथे समोर येते. नव्या यंत्राचा मालक महिना १ लाख २० हजारांनी अकरा महिने, दरमहा २०० तास, यंत्र देत राहिला तरी त्याला मिळतात १३ लाख २० हजार. त्याचा बांधील खर्च १० लाख २० हजार आणि देखभालीचा, तासाला १८० प्रमाणे, सुमारे ४ लाख. हातात काही उरत नाही, उलट लाखभर जातात. मग हा दर बाजारात टिकतो कसा? कारण तो ठरवणारी यंत्रे जुनी असतात. ज्याचे हप्ते फिटले आहेत, ज्याची मोठी घट होऊन गेली आहे, ज्याचा मिस्त्री घरचा आहे, तो मालक या दरात कमावतो. नवे यंत्र घेणाऱ्याला त्याच्याशी बरोबरी करावी लागते.

मग जुनेच यंत्र घ्यावे का? १६ लाखांचे, चार वर्षे चाललेले यंत्र घेतले तर घट आणि व्याज दोन्ही खाली येतात. जुन्या यंत्रावर कर्जाचा दर जास्त असतो, तरी बांधील खर्च पावणेसात लाखांच्या आसपास बसतो. देखभाल मात्र तासाला १८० ऐवजी २८० धरावी लागते. तासामागची बचत ४७० उरते आणि बरोबरीचे तास साधारण १,४४० वर येतात. हा आकडा नव्या यंत्रापेक्षा बराच बरा आहे, पण ९४० तासांच्या ठेकेदारासाठी अजून दूरच.

जुन्या यंत्राचे सगळे गणित त्या २८० रुपयांवर उभे असते, आणि तिथेच फसगत होते. मीटरचे रीडिंग मागे घेतलेले असू शकते, म्हणून मीटरवर विसंबू नये. बकेट जमिनीला टेकवून मागचा हात आडवा हलवावा. सांध्यांत खडखड आणि ढिलेपणा जाणवला तर पिन-बुश गेलेले आहेत. सिलिंडरचा चकचकीत दांडा ओला किंवा ओरखडलेला दिसला तर सील गेले, किंवा दांडाच बदलायला झाला. बकेट भरून वर उचलून इंजिन बंद ठेवावे आणि दहा मिनिटे थांबावे. ती हळूहळू खाली बसत असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पेडलचे रबर गुळगुळीत आणि सीट फाटलेली, पण मीटरवर ३,००० तास, असे असेल तर दोन्हींपैकी एक खोटे आहे. सर्व्हिसची बिले पाहायला मिळाली नाहीत तर किमतीत पंप आणि गिअरबॉक्सच्या कामाची रक्कम आधीच वजा करावी.

लीजचा मार्ग लहान ठेकेदारांमध्ये अजून फारसा रुळलेला नाही. मोठ्या कंपन्या ताफ्यासाठी तो वापरतात. लीज देणारी संस्था यंत्राची मालक राहते, ठेकेदार ठरावीक वर्षे दरमहा रक्कम भरतो आणि मुदत संपली की यंत्र परत करतो. आपल्या उदाहरणात महिना ६५ हजार लीज धरली तर वर्षाचे ७ लाख ८० हजार होतात. घट, व्याज आणि स्वतःची अडकलेली रक्कम मिळून खरेदीत ६ लाख १० हजार जात होते. म्हणजे लीज १ लाख ७० हजारांनी महाग. त्या बदल्यात सुरुवातीचे मोठे भांडवल अडकत नाही, जीएसटी एकरकमी न भरता दर महिन्याच्या रकमेवर भरायचा असतो, आणि चार वर्षांनी यंत्र १६ लाखांना जाईल की १२ ला ही चिंता संस्थेकडे जाते. मात्र करारात वर्षाच्या तासांची मर्यादा असू शकते, तिच्या वरचे तास वेगळे मोजले जातात, आणि परत करताना टायर व बकेटची झीज ‘सामान्य’ होती की नाही यावर वाद होऊ शकतो. काम अर्ध्यात थांबले म्हणून यंत्र लवकर परत करता येईल का, हे कलम आधी वाचायचे.

हप्ता आणि लीज या दोन्हींची तारीख ठरलेली असते, ठेकेदाराच्या बिलाची नसते. २०२५ मध्ये महाराष्ट्रभर ठेकेदारांच्या संघटना शासकीय कामांच्या थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. तासावारी भाडे थकले तर यंत्रमालक फोन करतो, फार तर पुढच्या वेळी यंत्र पाठवत नाही. हप्ते थकले तर यंत्रच ओढून नेले जाते. म्हणून जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचे हप्ते आणि पगार, म्हणजे सव्वातीन लाख रुपये, बाजूला काढता येतील का, हे पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये. काही वित्तसंस्था पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त असा हप्ता बांधून देतात. तसा मागून घ्यावा.

कर वाचवण्यासाठी मार्चअखेर यंत्र घेण्याची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. आयकरात अशा यंत्रावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्माच. ३२ लाखांवर मार्चमध्ये मिळतो २ लाख ४० हजारांचा घसारा. ३० टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून ७२ हजार वाचतात, आणि ते एका हप्त्यालाही पुरत नाहीत.

आता याच ठेकेदाराला कालव्याचे तीन वर्षांचे काम मिळाले असे समजू. जागा दूर आहे, तिथे तासावारी दर १,४०० आहे, मासिक भाड्याने तिकडे यंत्र पाठवायला कोणी तयार नाही, आणि कामाचा आराखडा पाहता वर्षाला १,७०० तास नक्की आहेत. भाडे होईल २३ लाख ८० हजार, स्वतःचे यंत्र पडेल २० लाख ९१ हजारांना. वर्षाला २ लाख ८९ हजार वाचतात, आणि इथे खरेदी योग्य ठरते. फक्त काम ३६ महिन्यांचे आहे आणि कर्ज ४८ महिन्यांचे. काम संपेल तेव्हा त्याच्यावर ८ लाख ७७ हजारांची मुद्दल बाकी असेल आणि यंत्राच्या मीटरवर ५,१०० तास. तेवढे चाललेल्या यंत्राला आज बाजारात काय मिळते ते त्याने दोन-तीन जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्यांना विचारावे. ती किंमत बाकीपेक्षा बरीच वर असेल आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचे शुल्क किती ते करारात लिहिलेले असेल, तर त्याने यंत्र घ्यावे.